नसबंदीनंतर काही आठवड्यांनी वृषण दुखू लागले तर

पुरुष नसबंदी झाली, पहिला आठवडा फारसा त्रास न होता गेला, काळेनिळेपणा ओसरला, माणूस कामावर रुजू झाला, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक एका बाजूची गोटी जड वाटू लागली किंवा ठसठसू लागली, असे अनेकांच्या बाबतीत घडते. शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळालेल्या सूचना बहुधा पहिल्या सात दिवसांपुरत्या असतात. त्यामुळे या उशिरा आलेल्या दुखण्याविषयी कोणी आधी सांगितलेले नसते, आणि शस्त्रक्रियेत काहीतरी बिघडले असा समज होतो. बहुतेक वेळा तसे नसते. या काळातील दुखण्याची दोन कारणे सर्वांत जास्त आढळतात. पहिले म्हणजे वृषणाच्या मागील नळीत शुक्राणू आणि द्रव तुंबणे, आणि दुसरे म्हणजे बंद केलेल्या टोकातून शुक्राणू बाहेर झिरपून त्यांच्याभोवती छोटी गाठ होणे. दुखणे कोठे आहे आणि ते शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी सुरू झाले, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर कारणाचा बराचसा उलगडा होतो. ते कसे पाहावे आणि पुढे काय करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी हे पाहा: थांबून चालणार नाही अशी लक्षणे

पुढचे सारे वाचण्याआधी एक खात्री करून घ्यावी. दुखणे एकाएकी आणि सहन न होण्याइतके तीव्र सुरू झाले असेल, सोबत मळमळ किंवा उलटी असेल, आणि ते वृषण वर ओढले गेल्यासारखे दिसत असेल, तर त्याला पीळ बसलेला असू शकतो. याचा नसबंदीशी संबंध असेलच असे नाही, परंतु पीळ बसलेल्या वृषणाचा रक्तपुरवठा थांबतो आणि ते वाचवण्यासाठी साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, रात्रीच मोठ्या रुग्णालयात जावे.

ताप, थंडी वाजणे, वृषणांच्या पिशवीची त्वचा लाल, गरम आणि ताणलेली होणे, शस्त्रक्रियेच्या छिद्रातून पू येणे किंवा लघवीला जळजळ होणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पिशवी तासातासाला फुगत जाऊन घट्ट होत असेल तर आत रक्त साचत आहे असे समजावे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने विशेष सावध राहावे. पिशवीची किंवा तिच्यामागील त्वचा काळपट पडू लागली, तिला दुर्गंधी येऊ लागली किंवा वरून दिसते त्याच्या मानाने दुखणे फारच जास्त असेल, तर तो वेगाने पसरणारा गंभीर संसर्ग असू शकतो आणि त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

यांपैकी काहीही नसेल, दुखणे मंद असेल, येत-जात असेल, ताप नसेल आणि चालता-फिरता येत असेल, तर पुढील पायऱ्यांनी जावे.

आत नेमके काय बदलले आहे

शुक्राणू वृषणात तयार होतात. तेथून ते वृषणाच्या मागे चिकटलेल्या एका लांबट, मऊ अवयवात येतात, ज्याला अधिवृषण म्हणतात. वरून तो बोटभर दिसत असला तरी आत एकच अतिशय बारीक नळी वेटोळे घालून बसलेली असते, आणि ती उलगडली तर तिची लांबी सुमारे सहा मीटर भरते. या नळीतून पुढे सरकताना शुक्राणू पक्व होतात. अधिवृषणाच्या खालच्या टोकापासून शुक्रवाहिनी सुरू होते, जी वळून वर जाते आणि जांघेतून पोटात शिरते. नसबंदीत ही शुक्रवाहिनी वृषणापासून काही सेंटीमीटर वर, पिशवीच्या सरळ भागात, दोन्ही बाजूंना कापून बंद केली जाते. आपल्याकडील शिबिरांत आणि रुग्णालयांत आज जी बिनटाक्याची पद्धत सर्रास वापरतात, ती चीनमधील सिचुआन प्रांतात ली शुनचियांग यांनी 1974 मध्ये विकसित केली. तिच्यात त्वचेला चीर देण्याऐवजी एक बारीक छिद्र केले जाते, म्हणून बाहेरची जखम लवकर भरते. परंतु आत वाहिनी बंद होण्याचे परिणाम जुन्या पद्धतीत होते तेच या पद्धतीतही असतात.

नसबंदीनंतर वृषणाचे काम थांबत नाही. शुक्राणू तयार होत राहतात, अधिवृषणात येत राहतात आणि पुढचा रस्ता बंद असल्यामुळे तेथेच साठतात. शरीर त्यांची विल्हेवाट लावते, म्हणजे पेशी त्यांना गिळंकृत करतात आणि द्रव शोषला जातो. मात्र तयार होणे आणि शोषले जाणे यांचा मेळ बसायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळात अधिवृषणातील दाब वाढतो, नळी फुगते, आणि ज्यांच्यात तो दाब जास्त वाढतो त्यांना तो दुखण्याच्या रूपाने जाणवतो. म्हणूनच हे दुखणे पहिल्या आठवड्यात नसते आणि जखम बरी झाल्यानंतर सुरू होते. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, वृषणातून थेट रक्तात मिसळते आणि शुक्रवाहिनीतून जात नाही, त्यामुळे या तुंबण्याचा त्याच्यावर किंवा ताकदीवर परिणाम होत नाही.

साधारण वाटचाल कशी असते

पहिल्या दिवशी भूल उतरल्यावर काही तासांत दुखू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत पिशवीवर, कधी शिश्नाच्या मुळाशीही, जांभळट डाग पसरतो. तो दिसायला भीतीदायक असला तरी त्वचेखाली पसरलेले थोडे रक्तच असते आणि एक-दोन आठवड्यांत पिवळट होऊन नाहीसे होते. दोन दिवसांनी हलके काम आणि सात दिवसांनी सायकलसह नेहमीचे पूर्ण काम करता येते, अशी सर्वसाधारण सूचना आपल्याकडे दिली जाते. लंगोट किंवा घट्ट आधाराची चड्डी सुमारे दोन आठवडे वापरावी.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचे दुखणे जाते. वजन उचलताना किंवा खाली वाकताना जांघेत किंचित ओढ बसणे, जिथे वाहिनी बांधली तिथे बोटाला छोटा टणक भाग लागणे, एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त हुळहुळणे, हे सारे या काळात स्वाभाविक आहे. ती टणक जागा म्हणजे भरून येत असलेली शुक्रवाहिनी असते आणि ती हळूहळू लहान होते.

ज्यांना उशिराचा त्रास होतो त्यांचा तो बहुधा तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू होतो. मंद दुखणे काही दिवस राहते, थांबते, पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी थोडे सौम्य होत जाते. वाटचाल अशी असेल तर तिसरा महिना संपेपर्यंत बहुतेकांचे दुखणे शमते. मला येथे महत्त्वाचे वाटते ते असे की कालच्यापेक्षा आज कसे आहे हे पाहण्यापेक्षा मागच्या आठवड्यापेक्षा हा आठवडा कसा गेला हे पाहावे. एखाद्या वाईट दिवसामुळे घाबरून निर्णय घेण्याची गरज नसते. मात्र आठवड्यामागून आठवडा दुखणे वाढतच असेल तर तीन महिन्यांची वाट पाहू नये.

बोटांनी जागा ओळखणे

ही तपासणी कोमट पाण्याने अंघोळ केल्यानंतर करावी, कारण तेव्हा पिशवी सैल असते. उभे राहून आधी न दुखणारी बाजू तपासावी, म्हणजे तुमच्या शरीराची नेहमीची रचना बोटांना कळेल. अंगठा पुढे आणि दोन बोटे मागे ठेवून वृषण हलकेच धरावे. ते सर्व बाजूंनी गुळगुळीत आणि एकसारखे लागते. त्याच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक मऊसर, उभा उंचवटा लागतो, तेच अधिवृषण. त्याच्या खालच्या टोकापासून बोटे वर नेली की एक बारीक, टणक दोरी हाताला लागते, ती शुक्रवाहिनी. ती धरून वर गेल्यावर जिथे तिच्यात गाठीसारखा भाग किंवा खंड लागतो, ती शस्त्रक्रियेची जागा.

आता दुखरी बाजू त्याच क्रमाने तपासावी आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा: बोट नेमके कोठे लागल्यावर दुखते? मागचा उभा उंचवटा दुसऱ्या बाजूपेक्षा भरलेला आणि सबंध लांबीत दुखरा असेल तर तुंबण्याची शक्यता जास्त. उंचवटा ठीक असून वरच्या दोरीवरच्या एकाच ठिकाणी बोट लागताच कळ येत असेल तर शुक्राणूंच्या गाठीची शक्यता जास्त. दोन्ही एकत्रही असू शकतात. आणि प्रत्यक्ष वृषणाच्याच पृष्ठभागावर, त्याला चिकटलेला, कठीण आणि बहुधा न दुखणारा भाग लागला, तर त्याचा नसबंदीशी संबंध जोडून गप्प बसू नये. वृषणातील कठीण गाठ कर्करोगाचीही असू शकते आणि तिची सोनोग्राफी लगेच करून घ्यावी. नसबंदीमुळे कर्करोग होत नाही, परंतु नसबंदीनंतर माणूस प्रथमच स्वतःला नीट तपासतो आणि तेव्हा आधीपासून असलेली गाठ लक्षात येऊ शकते.

ही तपासणी एकदा करावी, फार तर आठवड्याने पुन्हा. दिवसातून दहा वेळा दाबून पाहण्याची सवय लागते आणि त्या दाबण्यानेच ती जागा सुजलेली राहते.

तुंबल्यामुळे दुखत असेल तर

या दुखण्याला जडपणा असतो. खूप वेळ उभे राहिल्यावर, दुचाकीवर लांबचा प्रवास केल्यावर किंवा दिवसाच्या शेवटी ते वाढते, आणि आडवे झाल्यावर किंवा पिशवीला हाताने खालून आधार दिल्यावर कमी होते. कधी ते जांघेत किंवा ओटीपोटाच्या खालच्या भागात जाणवते, कारण वृषणाच्या नसा पोटातूनच खाली आलेल्या असतात. लैंगिक उत्तेजना आल्यावर किंवा वीर्यपतनाच्या वेळी अधिवृषण आकुंचन पावते, त्यामुळे तेव्हा किंवा त्यानंतर काही तास ठसठस वाढू शकते. डॉक्टरांच्या कागदावर याला कंजेस्टिव्ह एपिडिडिमायटिस असे लिहिलेले दिसेल. त्या नावामुळे जंतुसंसर्ग असल्याचा समज होतो, पण येथे सूज दाबामुळे आलेली असते.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. वारंवार वीर्यपतन केल्याने तुंबलेले मोकळे होईल, असे अनेकांना वाटते. वाहिनी बंद असल्यामुळे अधिवृषणातील काहीही बाहेर पडू शकत नाही. बाहेर येणारे वीर्य हे मुख्यतः शुक्राशय आणि प्रोस्टेट यांचा द्रव असते, आणि शुक्राणूंचा त्यातील वाटा इतका अल्प असतो की नसबंदीनंतर वीर्याच्या प्रमाणात फरकही जाणवत नाही. म्हणून तुंबणे कमी करण्यासाठी वीर्यपतनाचा उपयोग नाही. त्याचप्रमाणे संभोग पूर्ण टाळल्यानेही शुक्राणू तयार होणे थांबत नाही. फार दुखत असेल ते काही दिवस विश्रांती घ्यावी आणि नंतर सोयीने पुन्हा सुरू करावे.

दुसरा मुद्दा प्रतिजैविकांचा. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, लघवीच्या तपासणीत काही सापडलेले नाही, तरीही एकामागून एक प्रतिजैविकांचे कोर्स घेतलेले रुग्ण दिसतात. दाबामुळे आलेल्या सुजेवर त्यांचा परिणाम होत नाही. त्या काळात जे बरे वाटते ते बहुधा सोबतच्या सूज उतरवणाऱ्या गोळीमुळे किंवा गेलेल्या दिवसांमुळे असते. आधी लघवीची तपासणी करावी, आणि संसर्गाचा काही पुरावा मिळाला तरच ती औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

शुक्राणूंची गाठ झाली असेल तर

शुक्राणू वयात आल्यानंतर तयार होऊ लागतात, आणि वृषणाच्या नळ्यांभोवती असा अडसर असतो की ते शरीराच्या संरक्षक पेशींच्या संपर्कात येत नाहीत. त्यामुळे वाहिनीच्या टोकातून ते बाहेर झिरपले की शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याभोवती पेशींचे कोंडाळे करते. हीच ती गाठ. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख स्पर्म ग्रॅन्युलोमा असा येतो. ती वाटाण्याएवढी, कधी त्याहून लहान, बहुधा शस्त्रक्रियेच्या जागी वृषणाच्या बाजूच्या टोकावर असते. क्वचित अधिवृषणातील फुगलेली बारीक नळी फुटून तेथेही ती होते, आणि तसे झाले की मंद दुखण्याऐवजी अचानक टोचल्यासारखी कळ सुरू होऊ शकते.

अशा गाठी बऱ्याच पुरुषांना होतात आणि त्यांतील बहुतेकांना त्या आहेत हे कळतही नाही. जे थोडे लोक तक्रार करतात त्यांची तक्रार ठरावीक असते: एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, कपड्याचा किंवा मांडीचा धक्का लागताच येणारी कळ, आणि एरवी फारसे काही नाही. सूज उतरली की दुखरेपणा काही आठवड्यांत जातो. गाठ मात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. न दुखणारी गाठ काढण्याचे कारण नसते.

उलट, शुक्रवाहिनीच्या टोकाशी झालेली गाठ एका अर्थी अधिवृषणावरचा भार हलका करते, कारण तेथे थोडे शुक्राणू झिरपत राहिल्याने मागचा दाब कमी राहतो. ज्यांनी पुढे नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्यात अशी गाठ असलेल्या बाजूचे अधिवृषण अधिक चांगल्या स्थितीत आढळते, हे शल्यचिकित्सकांनी नोंदवले आहे. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हा शब्द दिसला की ती काढून टाका असा आग्रह धरू नये.

मात्र या झिरपण्याची एक दुसरी बाजू आहे. गाठीतून बारीक मार्ग तयार होऊन वाहिनीची दोन टोके पुन्हा जोडली जाणे हे नसबंदी अयशस्वी होण्याचे एक ज्ञात कारण आहे. असे क्वचित होते, पण त्यामुळेच तीन महिन्यांनंतरची वीर्यतपासणी टाळू नये. ती तपासणी शुक्राणू शून्य असल्याचे सांगत नाही तोवर निरोध किंवा पत्नी वापरत असलेले साधन चालूच ठेवावे. दुखणे थांबले याचा अर्थ नसबंदी यशस्वी झाली असा नाही, आणि दुखत आहे याचा अर्थ ती फसली असाही नाही.

पहिल्या दोन आठवड्यांचे उपाय

तुंबणे असो वा गाठ, सुरुवातीचे उपाय तेच आहेत आणि ते नेटाने दोन आठवडे केले तरच त्यांचा अंदाज येतो. पहिला उपाय आधार देण्याचा. घरी सैल लुंगी किंवा बर्म्युडा घालण्याची सवय असेल तर ती काही दिवस बाजूला ठेवून दिवसभर, आणि दुखत असेल तर रात्रीही, घट्ट बसणारी चड्डी, लंगोट किंवा औषधांच्या दुकानात मिळणारा सस्पेन्सरी बँडेज वापरावा. वृषण लोंबकळत राहिले की मागची नळी आणि नसा ताणल्या जातात, आणि उचलून धरले की तो ताण जातो. आधार इतका घट्ट नसावा की वळ उठतील.

दुसरा उपाय शेकाचा. बर्फ पहिल्या दोन दिवसांत उपयोगी असतो. आता काही आठवड्यांनंतर कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटे बसणे, दिवसातून दोनदा, हे जास्त आराम देते. पाणी हाताला सहज सोसेल इतकेच गरम असावे, कारण पिशवीची त्वचा पातळ असते आणि लवकर पोळते.

तिसरा उपाय सूज उतरवणाऱ्या गोळीचा. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम जेवणानंतर दिवसातून तीन वेळा, सात ते दहा दिवस, असा क्रम या दुखण्यासाठी सामान्यतः दिला जातो. यातील मर्म नियमितपणात आहे. दुखले की एक गोळी आणि थांबले की बंद, असे केल्याने वेदना तेवढ्यापुरती दबते, पण सूज उतरण्यासाठी औषधाचे रक्तातील प्रमाण काही दिवस टिकून राहावे लागते. पोटात अल्सर झालेला असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, रक्तदाब वाढलेला असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा वेदनाशामक गोळीने दमा उसळत असेल, तर हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशांसाठी पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित असते, मात्र त्याने वेदना कमी होते, सूज फारशी उतरत नाही.

यासोबत वजन उचलणे, व्यायामशाळा, सायकल आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरची दुचाकी शक्य तेवढी कमी करावी. पूर्ण झोपून राहण्याची गरज नसते, चालणे चांगलेच असते.

एक उदाहरण

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते हे कळावे म्हणून एक कल्पित पण नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. समजा, 36 वर्षांच्या एका गृहस्थाने ग्रामीण रुग्णालयात बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. ते कुरिअरचे काम करतात आणि दिवसातून सहा-सात तास मोटारसायकलवर असतात. दहाव्या दिवसापासून ते पूर्ण कामावर गेले आणि कसलाही त्रास नव्हता. पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी डावी बाजू जड वाटू लागली. पुढच्या चार दिवसांत संध्याकाळचे दुखणे दहापैकी पाच-सहा इतके झाले, सकाळी मात्र ते जवळजवळ नसे. ताप नव्हता, लघवीला त्रास नव्हता.

या वर्णनातच बरेच उत्तर आहे. सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, हे तुंबण्याचे लक्षण आहे. संसर्गाचे दुखणे रात्रीच्या विश्रांतीने असे नाहीसे होत नाही. डॉक्टरांनी तपासल्यावर डावे अधिवृषण भरलेले आणि एकसारखे दुखरे आढळले, शिवाय शुक्रवाहिनीवर वाटाण्याएवढी गाठ होती, पण ती दाबल्यावर फारशी दुखली नाही. लघवीची तपासणी स्वच्छ होती. येथे गाठ हे दुखण्याचे कारण नव्हते, आणि केवळ ती हाताला लागते म्हणून तिच्यावर उपचार केले असते तर मूळ त्रास तसाच राहिला असता. प्रतिजैविके न देता दहा दिवस जेवणानंतर आयब्युप्रोफेन, दिवसभर लंगोट, दोनदा कोमट पाण्याचा टब आणि दोन आठवडे गोदामातील बसून करायचे काम, असे ठरले.

पहिले तीन दिवस फरक पडला नाही. अशा वेळी बहुतेक जण डॉक्टर बदलतात. सहाव्या दिवसापासून संध्याकाळचे दुखणे दोन-तीनवर आले. पुन्हा मोटारसायकलवर गेल्यावर एक दिवस ते चारपर्यंत चढले आणि दुसऱ्या दिवशी उतरले. नवव्या आठवड्यात आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी किंचित जडपणा एवढेच उरले, आणि तीन महिन्यांनंतर वीर्यतपासणीसाठी जाताना दुखणे नव्हते. गाठ मात्र तेवढीच होती, आणि ती तशीच राहू दिली.

सोनोग्राफी केव्हा करावी आणि तिच्यातून काय कळते

दोन आठवडे नीट उपाय करूनही फरक नसेल, एका बाजूची सूज डोळ्यांना दिसत असेल किंवा बोटांना लागलेला भाग वृषणाचा आहे की त्याच्या बाहेरचा हे ठरत नसेल, तर पिशवीची डॉपलरसह सोनोग्राफी करावी. तिच्यात वृषणाचा रक्तपुरवठा, आतील गाठ, साचलेले रक्त किंवा पाणी आणि संसर्ग यांचा उलगडा होतो. नसबंदीनंतर अधिवृषण जाड आणि नळ्या रुंद दिसणे हे मुळीच न दुखणाऱ्या पुरुषांतही आढळते, म्हणून रिपोर्टमधील त्या एका ओळीने घाबरू नये. काहीच सापडले नाही आणि दुखणे कमरेकडून जांघेत उतरत असेल तर मूत्रवाहिनीतील खडा आणि जांघेतील हर्निया हीदेखील तपासून पाहण्याजोगी कारणे आहेत.

सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली असेल तर तेथेच जाऊन तक्रार नोंदवावी आणि तारखेसह केसपेपर जपून ठेवावा. कुटुंब नियोजनाच्या राष्ट्रीय नुकसानभरपाई योजनेत नसबंदीमुळे उद्भवलेल्या गुंतागुंतीच्या उपचारांचा खर्च मिळण्याची तरतूद रुग्णालयातून घरी सोडल्यापासून 60 दिवसांपर्यंत आहे. चौथ्या आठवड्यात सुरू झालेले दुखणे दहाव्या आठवड्यात प्रथमच सांगितले तर ती मुदत निघून गेलेली असते.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर

तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणे राहिले आणि त्यामुळे काम, झोप किंवा संबंध यांत अडथळा येऊ लागला, तर त्याला नसबंदीनंतरचे दीर्घकालीन दुखणे म्हणतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जगण्यावर परिणाम करणारे असे दुखणे शंभरांपैकी एक-दोन पुरुषांना होते. हे प्रमाण लहान असले तरी ज्याला ते होते त्याचे दुखणे खरे असते. ते मनाचे आहे असे सांगून त्याला परत पाठवणे चूक आहे. अशा वेळी जनरल फिजिशियनकडे फेऱ्या मारण्यापेक्षा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे.

तज्ज्ञ पुढील निर्णय बहुधा वृषणरज्जूत, म्हणजे वृषणाच्या नसा, रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी ज्यातून जातात त्या जुडग्यात, भुलीचे इंजेक्शन देऊन घेतात. त्या इंजेक्शनने दुखणे काही तासांसाठी पूर्ण थांबले तर वेदना त्या नसांतूनच येत आहे हे कळते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या नसा तोडण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडण्याची शक्यता वाढते. इंजेक्शनने काहीच फरक पडला नाही तर कारण बहुधा वृषणाच्या बाहेर असते, जसे की ओटीपोटाचे स्नायू आखडणे, आणि तेव्हा फिजिओथेरपीचा विचार करावा लागतो. नसांच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे अल्प मात्रेत दिली जातात. दुखणे नेमके एका गाठीतच असेल तर ती गाठ काढून वाहिनीचे टोक पुन्हा नीट बंद करतात. तुंबणेच टिकून असेल तर नसबंदी उलटवणे किंवा अधिवृषण काढणे हे पर्याय उरतात. उलटवल्याने दाब मोकळा होतो, पण गर्भधारणेची शक्यता परत येते. अधिवृषण काढले की त्या बाजूने उलटवण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. शिवाय दुखणे अधिवृषणापुरतेच असल्याची खात्री नसताना ते काढले तर शस्त्रक्रियेनंतरही दुखणे उरू शकते. म्हणून त्याआधी भुलीच्या इंजेक्शनचा परिणाम पाहिलेला असावा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाचे मत घेतलेले असावे.

भेटीला जाताना शस्त्रक्रियेची तारीख, दुखणे सुरू झाल्याची तारीख, ते दिवसात केव्हा वाढते, कोणती गोळी किती दिवस घेतली आणि वीर्यतपासणीचा निकाल, एवढे एका कागदावर लिहून न्यावे, आणि डॉक्टरांना दुखरी जागा एका बोटाने दाखवावी.